सभेत फळ्यावर सहा आकडे लिहा

'माझ्या दहावीतल्या मुलानं बेदाण्याच्या पैशातले १२,६०० रुपये एका रात्रीत बेटिंग ॲपवर घालवले, माझ्याच फोनवरून. २०० पासून डाव दुप्पट करत गेला, सलग सहा हरला. आता पालक सभेत मला या विषयावर बोलायला सांगितलंय. पोराची अब्रू जाईल म्हणून जीव धास्तावलाय. काय बोलू?'
– एक वडील, तासगाव

दादा,

मुलाचं नाव काढूच नका. फळ्यावर एवढंच लिहा : २००, ४००, ८००, १६००, ३२००, ६४००. बेरीज पालकांनाच करू द्या. मग विचारा, सातवा डाव केवढ्याचा? १२,८०० चा. तो जिंकला असता, तर आधीचे १२,६०० वसूल होऊन हातात उरले असते फक्त २०० रुपये! 'डबल करत गेलं की एकदा तरी येतंच' असं पोरं एकमेकांना सांगतात. एकदा येतं हे खरंही असेल, पण तोवर खिसा पुरत नाही. तुमचा मुलगा हावरट नव्हता, त्याला गेलेले पैसे गुपचूप जागेवर ठेवायचे होते. हे मात्र सभेत जरूर सांगा, कारण पोरं बहुतेक वेळा इथंच फसतात.

पुढं तुमच्या यूपीआयचा इतिहास कसा दिसतो ते सांगा. ॲपचं नाव तिथं सापडेलच असं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. तरीही चोरून चालणारे ॲप भाड्यानं घेतलेल्या खात्यांवर पैसे घेतात. त्यामुळे दिसतात ती अनोळखी माणसांची नावं, दर वेळी वेगळी, रात्री उशिराची वेळ आणि वाढत जाणारे आकडे. सुरुवातीला शे-दोनशे परत जमा झालेलेही दिसतात. तो गळाला लावलेला गांडूळ असतो.

पोलिसांच्या भीतीनं पालक गप्प बसतात, म्हणून हेही सांगा : त्या कायद्यात शिक्षा खेळवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैसे वळवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. पैसे काढताना 'आधी टॅक्स भरा' असं कुणी म्हणालं, तर ती सरळ फसवणूक आहे. एक रुपयाही न भरता लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा. पोरानं स्वतःचं खातं किंवा एटीएम कार्ड कुणाला वापरायला दिलंय का, हे घरी शांतपणे विचारायला सांगा. मला हरलेल्या पैशांपेक्षा याची जास्त काळजी वाटते, कारण त्यात पोरगं पैसे वळवणाऱ्यांत धरलं जाऊ शकतं.

आणि दादा, पिन तुम्ही बदललाच असेल. सभेच्या आदल्या रात्री हे भाषण मुलाला वाचून दाखवा. तो म्हणेल ते वाक्य खोडा, अगदी ते फळ्यावरचे आकडे असले तरी.

– तुमची ताई