दोन चाकं की एकच? गँट्री गर्डरच्या मोमेंटबद्दल

प्रश्न: क्रेनच्या गँट्री गर्डरचा स्पॅन 6 मीटर, सिंपली सपोर्टेड. एका बाजूला दोन चाकं, प्रत्येकी 200 किलोन्यूटन, चाकांमधलं अंतर 3.8 मीटर. पुस्तकातल्या नियमाने मोमेंट 280 येतो, सॉफ्टवेअर 300 दाखवतं. माझं कुठे चुकतंय?

उत्तर: तुमचा आकडेमोडीचा भाग बरोबर आहे आणि सॉफ्टवेअरही बरोबर आहे. भांडुपच्या एका शेडच्या कामात याच दोन आकड्यांवरून ड्रॉइंग तपासणाऱ्या एका ऑफिसने आमचे महिने खाल्ले होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नियम तुम्हाला ठाऊक आहेच: ज्या चाकाखालचा मोमेंट हवा, ते चाक आणि स्पॅनवरच्या भारांचा रिझल्टंट यांच्या बरोबर मध्ये स्पॅनचा मध्य आणायचा. पण हा नियम फक्त एवढंच सांगतो की *ठरावीक चाकं स्पॅनवर असताना* त्या चाकाखाली जास्तीत जास्त किती येईल. चाकांचा कोणता गट घ्यायचा, हे तो सांगत नाही.

दोन्ही चाकं घेतली तर पहिलं चाक मध्यापासून 0.95 मीटर सरकतं, म्हणजे डाव्या सपोर्टपासून 2.05 वर. दुसरं 5.85 वर. तेही स्पॅनवरच आहे, त्यामुळे गणित कुठे अडत नाही आणि माणूस निश्चिंत होतो. पण बघा, ते उजव्या सपोर्टपासून जेमतेम 15 सेंटिमीटरवर आहे. डाव्या रिअ‍ॅक्शनमध्ये त्याचा वाटा 5 किलोन्यूटन, मोमेंटमध्ये जेमतेम 10. आणि या 10 साठी पहिलं चाक मध्यावरून हलवलं, तर त्याचा स्वतःचा मोमेंट 300 वरून 270 वर आला. तीस घालवून दहा कमावले, म्हणून 280. त्यापेक्षा एक चाक सरळ मध्यावर ठेवा: दुसरं 6.8 वर जातं, म्हणजे गर्डरच्या बाहेर, आणि WL/4 ने 300 मिळतात.

दोन सारख्या चाकांसाठी सीमा काढता येते:

```
W(2L - a)²/(8L) = WL/4   →   a = 0.586 L
```

6 मीटरला ही सीमा सुमारे 3.5 मीटर. तुमचे 3.8 त्यापलीकडे. अंतर 2 मीटर असतं तर दोन चाकांचाच मोमेंट जास्त आला असता, 417 च्या आसपास. चाकं जास्त किंवा असमान असतील तर हे सूत्र विसरा. एकेक गट घ्या, नियमाप्रमाणे बसवा, कोण स्पॅनवर राहिलं ते मोजा. गृहीत धरलेलं चाक बाहेर गेलं किंवा नवं आत आलं, तर तो आकडा खोटा, नवा गट घेऊन पुन्हा काढा. शेवटी जो सर्वांत मोठा, तो खरा.

त्या ऑफिसचं म्हणणं असं की, 400 किलोन्यूटन असताना 200 वर डिझाइन कसं? सूत्र लावा, 280 घ्या. आम्ही सुरक्षित बाजूचा आकडा देतोय, तरी शेरा मारून फाइल परत! वरची तीस-दहाची वजाबाकी कागदावर मांडून दिली, तीही परत. पुस्तकाचं पान उघडून बसलेल्या माणसाला समजावणं कठीण. असो.

खरा संताप वेगळाच आहे. त्या सगळ्या पत्रव्यवहारात एकदाही कोणी विचारलं नाही की त्याच रुळावर दुसरी क्रेन आहे का. होती. दोन क्रेन बफरला बफर लागून उभ्या राहिल्या, की पहिलीचं शेवटचं चाक आणि दुसरीचं पहिलं चाक शेजारी येतात. समजा त्यांच्यात 1.2 मीटर अंतर आणि भार तेवढाच. मग a = 1.2 घालून मोमेंट येतो 486. बाहेरची दोन्ही चाकं त्या वेळी स्पॅनबाहेर असतात, तेही तपासून घ्या. आम्ही 280 की 300 यावर भांडत होतो!

तेव्हा माझं मत विचाराल तर आधी क्रेन पुरवणाऱ्याकडून एंड कॅरेजचं ड्रॉइंग मागा. चाकापासून बफरच्या टोकापर्यंतचं माप फोनवर ऐकून घेऊ नका, कागदावर घ्या. दुसरी क्रेन पुढे येणार आहे का, ते मालकाला लेखी विचारा.

इम्पॅक्टचे 25 टक्के (इलेक्ट्रिक ओव्हरहेड क्रेन असेल तर) यावर वेगळे. तुमच्या एकाच क्रेनला 300 चे 375 होतात. दोन क्रेनना एकत्र किती इम्पॅक्ट धरायचा, ते कोड उघडून बघा, माझ्या शब्दावर जाऊ नका. गर्डरच्या स्वतःच्या वजनाचा मोमेंट मध्यावरच सर्वांत मोठा, त्यामुळे चाक मध्यावर असताना तो सरळ मिळवता येतो.

आणि शिअर काढताना हा एका चाकाचा विचार तिथे नेऊ नका. तिथे एक चाक सपोर्टवर आणि दुसरं 3.8 वर धरायचं: 200 अधिक 73, म्हणजे 273 किलोन्यूटन.