टीव्ही आणि राउटरमागचा वायरींचा गुंता: आधी कशाला हात लावायचा?

प्रश्न: फोटो टाकलाय, हसू नका. टीव्हीमागे आणि राउटरखाली हे असं झालंय. पुढच्या आठवड्यात घरी पाहुणे आहेत, मला स्वतःलाच आवरायचंय. शॉक न लागता, नेट बंद न पडता हे नीट कसं करू?

उत्तर:

हसणार कशाला, आमच्या धंद्यात रोज हेच बघायला मिळतं. मी नाशिकला फायबर जोडणीचं काम करतो, आता दहा-अकरा वर्षं होतील, आणि खरं सांगतो, आमच्याकडे "नेट अचानक गेलं" म्हणून येणाऱ्या तक्रारींत दिवाळीच्या साफसफाईच्या आठवड्यात एकदम भर पडते, कारण लोक नेमका हाच कोपरा आवरायला घेतात.

तुमचा फोटो मोठा करून बघितला. त्यात मला गुंत्यापेक्षा दुसऱ्याच दोन गोष्टी खटकल्या. पहिली म्हणजे तो पांढरा एक्स्टेंशन बोर्ड हवेत लटकतोय, सगळा भार त्याच्या वायरीवर आहे, आणि त्यात अजून एका एक्स्टेंशनची पिन घातलीय. दुसरी, राउटरच्या खिळ्याला जी पिवळी बारीक वायर चार-पाच वेढे देऊन गुंडाळलीय आणि वरून काळा प्लॅस्टिकचा टाय आवळलाय, ती. बाकीचा पसारा दिसायला वाईट आहे पण निरुपद्रवी आहे.

आधी पिवळीबद्दल सांगतो, कारण ती बिघडली तर तुम्हाला घरी दुरुस्त करता येणार नाही. ती तांब्याची वायर नाहीच, आत केसासारखी काच आहे आणि त्यातून प्रकाश जातो. तिच्यात करंट नसतो, शॉक बसणार नाही, पण ती जास्त वाकवली की प्रकाश वळणावरच बाहेर गळतो. साध्या फायबरला साधारण ६ सेंमी व्यासापेक्षा लहान वेढा नको, म्हणजे आमटीच्या छोट्या वाटीएवढा गोल धरा. नवीन प्रकारच्या फायबरी याहून बऱ्याच लहान वळणातही चालतात, पण तुमची कुठली आहे ते नुसतं बघून कळत नाही, म्हणून वाटीचा हिशोब सोडू नका. खिळ्याभोवती गुंडाळणं तर नकोच नको.

मागच्या गणपतीच्या आधी एका काकूंकडे गेलो होतो. मखरासाठी टीव्हीचा कोपरा आवरला, सगळ्या वायरींची एक जुडी करून टाय आवळला, दुसऱ्या दिवसापासून नेट कधी चालू कधी बंद. राउटरच्या आतल्या पानावर `Rx Power` म्हणून एक आकडा दिसतो, म्हणजे वायरीतून राउटरपर्यंत किती प्रकाश पोचतोय त्याचं माप, तो त्यांच्याकडे उणे २९ दाखवत होता, घरगुती जोडणीत साधारण उणे २७ च्या पलीकडे गेलं की गडबड सुरू होते. मी काहीही बदललं नाही, फक्त टाय कापला, पिवळी मोकळी केली, वाटीएवढे दोन वेढे करून बाजूला ठेवली आणि आकडा उणे २१ वर आला. काकू म्हणाल्या, "एवढंच होतं होय, मग मीच केलं असतं की!" चहा मात्र मिळाला. तर तुमचा टाय पण आधी कापा, पण ब्लेडने वायरीच्या अंगावर नाही, टायच्या गाठीपाशी छोट्या कात्रीने, घाई न करता. आणि पिवळीचं टोक राउटरमधून काढूच नका. काढायची गरजच नाही, राउटर खिळ्यावरून उतरवून वायरीसकट टेबलावर ठेवा. चुकून निघालीच तर टोकाला बोट लावू नका, फुंकर मारू नका, आणि टोकात डोळा घालून "उजेड येतो का" बघू नका, तो प्रकाश डोळ्याला दिसतच नाही. परत लावताना खाच जुळवून टक आवाज येईपर्यंत दाबा. राउटरवरचा एलओएस लिहिलेला दिवा, म्हणजे प्रकाश पोचत नसल्याची खूण, लाल लुकलुकत राहिला तर तुमच्या कनेक्शनवाल्याला बोलवा, पुढे खटपट करू नका.

आता करंटचं. सुरुवात करायच्या आधी मोबाईलने पाच-सहा फोटो काढा, राउटरच्या मागचे, टीव्हीच्या मागचे, बोर्डाचे, प्रत्येक पिन कुठे आहे ते दिसेल असे. मग भिंतीवरचं बटण बंद करा आणि पिन बाहेर काढा, नुसतं बटण नाही. कारण बऱ्याच घरांत बटणाला चुकून न्यूट्रल जोडलेला असतो, बटण बंद असतं आणि फेज तसाच बोर्डात बसलेला असतो. रिमोटने टीव्ही बंद करणं हे तर बंद करणं नव्हेच. लादी पुसून झाली असेल तर ती वाळू द्या, पायात चप्पल घाला.

पिना काढताना प्रत्येक अडॅप्टरवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून लिहा: राउटर, सेट टॉप, अमुक. हे नाटक वाटेल पण इथेच सगळ्यात महाग चूक होते, अडॅप्टरची गोल पिन सगळ्यांची सारखीच दिसते आणि सारखीच बसते, आतला व्होल्ट वेगळा. राउटरचा बहुतेक वेळा १२ व्होल्टचा असतो, छोट्या अँड्रॉइड बॉक्सचा ५ चा. मी स्वतः, इतकी वर्षं हेच काम करून, घरचा ५ व्होल्टचा बॉक्स १२ च्या अडॅप्टरला लावलाय, एक चर्र आवाज आणि संपलं, बायको अजून ऐकवते. अडॅप्टरवर बारीक अक्षरात आउटपुट लिहिलेलं असतं, आणि यंत्राच्या मागे किती हवं ते लिहिलेलं असतं. व्होल्ट अगदी तोच हवा, अँपिअर तेवढा किंवा जास्त चालतो, कमी नको, आणि आतला प्लस बाहेरचा मायनस हे चिन्हही जुळायला हवं.

डिशची जाड काळी वायर असेल तर ती स्क्रूवाली असते, तिचा कॉलर फिरवायच्या आधी सेट टॉप बॉक्सची पिन काढलेली हवी, कारण बॉक्सच त्या वायरीतून छतावरच्या भांड्याला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवत असतो. शॉक लागण्याएवढं नाही, पण मधली तार आणि जाळी चुकून टेकली तर बॉक्सच्या आत बिघाड होऊ शकतो. तिलाही घट्ट घडी घालू नका.

बोर्डाचं म्हणाल तर पहिल्यांदा ते दुसरं एक्स्टेंशन उडवा. लोकांना वाटतं टीव्हीने लोड होतो, तर हिशोब करून बघा. तुमचा टीव्ही ४३ इंची असावा, तो साधारण १०० वॅट, सेट टॉप १५, राउटर १२, अजून एखादी चिल्लर धरली तरी दीडशेच्या आत. ६ अँपिअरचा बोर्ड २३० व्होल्टवर १३८० वॅटपर्यंत घेतो. म्हणजे लोडाचा प्रश्नच नाही, प्रश्न ढिल्या सॉकेटचा आहे. लटकणाऱ्या बोर्डात पिन स्वतःच्या वजनाने अर्धवट बाहेर येते, तिथे थोडी ठिणगी, थोडी गरमी, मग प्लॅस्टिक पिवळं-तपकिरी पडतं, जळकट मासळीसारखा वास येतो, कधी बारीक चर्रर्र आवाज. यातलं काही दिसलं किंवा पिन हलवली की टीव्ही लुकलुकला तर तो बोर्ड पुसून परत लावू नका, फेका. आणि एकात एक घातलं की असे ढिले जोड दुप्पट, शिवाय कोणीतरी एक दिवस रिकाम्या जागेत हजार वॅटची इस्त्री घालतंच, आणि स्वस्त बोर्डाची वायर तेवढं पेलत नाही. एकच चांगला बोर्ड घ्या, आयएसआय मार्क आणि सहा सॉकेट, प्रत्येकाला वेगळं बटण असलेला आणि सॉकेट एकमेकांपासून लांब असलेला, नाहीतर एक जाडा अडॅप्टर शेजारची जागा खातो.

तो बोर्ड भिंतीवर पक्का करा. बहुतेकांच्या पाठीला खिळ्यासाठी दोन भोकं असतात. जमिनीपासून वीतभर तरी वर, म्हणजे पोछ्याचं पाणी लागणार नाही. पण भिंतीत भोक पाडताना एवढं पाळा: स्विचबोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक पाडू नका, आतली वायरिंग बहुधा त्याच रेषेत जाते. बाजूला फूटभर सरका. शंका असेल तर दोन बाजूंनी चिकटणारी चांगली टेप घ्या किंवा कपाटाच्या पाठीला स्क्रू मारा.

मग मांडणी. मला विचाराल तर वायरी अगदी अदृश्य करायच्या नादाला लागू नका, वेगळ्या करा. करंटच्या वायरी एका बाजूने, एचडीएमआय-लॅन-डिश दुसऱ्या बाजूने, आणि पिवळी सगळ्यांपासून एकटी. बांधायला प्लॅस्टिकचा टाय नको, वेल्क्रोची पट्टी घ्या, हार्डवेअरवाल्याकडे मिळते, त्यात बोट सरकलं पाहिजे एवढी सैल. उरलेल्या लांबीचा आठच्या आकड्यासारखा सैल गुंडा करा. टीव्ही भिंतीच्या स्टँडवर पुढे ओढता येतो ना, मग तो पुढे ओढून बघा आणि त्या जागी वायरी ताणल्या जात नाहीत ना ते तपासा, एचडीएमआयचं तोंड टीव्हीच्या बाजूला ताणाने वाकलं तर टीव्हीचं पोर्टच सैल होतं.

ऑनलाइन मिळणारी ती सुंदर पांढरी झाकणवाली पेटी, जिच्यात बोर्ड अडॅप्टरसकट बंद करतात, ती मला फारशी आवडत नाही. अडॅप्टर गरम होतातच, त्यांना हवा लागते, आणि आपल्याकडे मे महिन्यात खोलीच ३८ डिग्रीला असते. पेटी घेतलीच तर दोन्ही टोकांना मोठ्या फटी असलेली घ्या, झुरळं घुसतील, चालेल. राउटरही टीव्हीच्या पाठीमागे लपवू नका, टीव्हीच्या मागचा धातू वाय-फाय अडवतो, बेडरूममध्ये रेंज गेली की परत मलाच फोन. टीव्हीच्या बाजूला किंवा वर, मोकळा.

सगळं लावून झाल्यावर फोटोशी ताडून बघा, मग भिंतीचं बटण, मग राउटर, त्याला दोन-तीन मिनिटं द्या, मग टीव्ही. अर्ध्या तासाने बटण बंद करून अडॅप्टरला उलटा हात लावून बघा. कोमट चालतं. हात ठेववत नसेल इतका तापला तर तो अडॅप्टर बदला.

जाता जाता, फोटोत डावीकडे तो जाडा काळा अडॅप्टर आहे ज्याची वायर सोफ्याच्या मागे जाऊन गायब होते, तो कशाचा आहे? जुन्या डीव्हीडी प्लेयरचा असेल तर काढूनच टाका, आणि त्याच्यासोबतची ती लाल-पांढरी-पिवळी तिहेरी वायर पण. कळत नसेल तर त्याच्यावरच्या छापील अक्षरांचा फोटो टाका, सांगतो.