‘गिऱ्हाईक टिकत नाही’ म्हणजे नक्की काय मोजायचं?

*मॅडम, मी पुण्यात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एक्सेल आणि थोडं एसक्यूएल येतं, डेटा अ‍ॅनालिस्ट व्हायचंय. ओळखीच्या एक काकू डबे पुरवतात, त्यांच्याकडे हिशेबाला मदत करते. त्या म्हणाल्या, “हल्ली गिऱ्हाईक टिकत नाही, बघ जरा काय झालंय.” तीन वर्षांच्या नोंदी आहेत. मी दहा तक्ते केले, पण काकूंना त्यातून काहीच कळलं नाही. माझं कुठे चुकतंय?*

ते तक्ते जरा बाजूला ठेव आणि काकूंना एवढंच विचार, “टिकत नाही, हे तुम्हाला कशावरून वाटलं?” बहुतेक त्या म्हणतील, “मागच्या महिन्यात २४० डबे जात होते, आता २१० जातात.” आता समज, मागच्या महिन्यात ६० जणांनी डबा बंद केला आणि ६० नवे आले. या महिन्यातही बंद करणारे ६०च, पण नवे आले फक्त ३०. डबे ३० ने घटले, तरी सोडून जाणारे वाढलेले नाहीत. मग भाजीची चव बदलून काय होणार? चालू डब्यांच्या एका आकड्यात येणारे आणि जाणारे दोन्ही मिसळलेले असतात, म्हणून टिकण्याचा प्रश्न त्यावरून सुटत नाही.

म्हणून ‘टिकणं’ कशाला म्हणायचं ते काकूंसोबत बसून ठरव. त्या महिन्याचे पैसे आगाऊ घेत असतील, तर सर्वांत भरवशाची खूण म्हणजे दुसऱ्या महिन्याचे पैसे. किती दिवसांत भरले तर टिकला म्हणायचं? मी ४५ दिवस धरीन: पहिल्या महिन्याचे ३० आणि वर १५ दिवसांची सवलत. गणपतीला गावी गेलेला माणूस आठवडाभर डबा थांबवतो. त्याला सोडून गेलेल्यांत धरलंस तर आकडा खोटा होईल.

मग माणसं कोणती? एका दिवसाचा चवीपुरता डबा घेणारे आणि ऑफिसच्या एकगठ्ठा ऑर्डरी बाहेर ठेव. ज्यांनी पहिल्यांदाच पूर्ण महिन्याचे पैसे भरले तेवढेच घे. आधी डबा बंद करून परत आलेले नवे नव्हेत. विद्यार्थी आणि नोकरदार मात्र वेगळे मोज. परीक्षा संपल्या की विद्यार्थी घरी जातात, तो काकूंच्या डब्याचा दोष नाही. नोंदीत हा भेद नसेल तर पत्त्यावरून, होस्टेल की सोसायटी, बराचसा अंदाज येईल.

सगळ्यात जास्त चुका कालावधीत होतात, म्हणून इथे थांबते. समज, जून, जुलै आणि ऑगस्टमध्ये प्रत्येकी ४० नवे आले आणि तू ५ सप्टेंबरला मोजायला बसलीस. जूनच्या २८ जणांनी आणि जुलैच्या २६ जणांनी पुन्हा पैसे भरलेत, ऑगस्टचे फक्त ४. तक्त्यात ७०, ६५ आणि एकदम १० टक्के! काकू घाबरून दर कमी करतील. पण ऑगस्टमध्ये आलेल्या बहुतेकांचा पहिला महिनाच अजून संपलेला नाही. ३१ ऑगस्टला आलेल्याचे ४५ दिवस १५ ऑक्टोबरला भरतात, म्हणून तिन्ही महिन्यांचा आकडा त्यानंतरच काढ. तेव्हा ऑगस्टचे २६ झालेले दिसले, तर एकूण १२० पैकी ८० टिकले. उलट बाजूही सांभाळ: जूनमधल्या कुणी ८० व्या दिवशी परत पैसे भरले असतील, तर तो या हिशेबात टिकलेला नाही. सगळ्यांना ४५ दिवस म्हणजे ४५च.

आता प्रश्न एका वाक्यात लिही: “१ जून ते ३१ ऑगस्ट या काळात पहिल्यांदा महिन्याचा डबा लावलेल्या नोकरदारांपैकी किती टक्क्यांनी पहिल्या पैशांपासून ४५ दिवसांत दुसऱ्या महिन्याचे पैसे भरले, आणि मागच्या वर्षी याच तीन महिन्यांत हे प्रमाण किती होतं?” विद्यार्थ्यांसाठी हेच वाक्य वेगळं. तुलना एप्रिल-मेशी करू नकोस. जूनला शहरात येणारी माणसंच वेगळी असतात. आकडा काढण्याआधी काकूंना विचार, “किती खाली गेला तर तुम्ही काही बदलाल?” कितीही आला तरी त्या काही बदलणार नसतील, तर प्रश्न चुकीचा निवडलाय.

नोकरीच्या अर्जासोबत हे काम एका पानावर जोड. वर हे वाक्य, खाली कुणाला का वगळलं ते, आणि मग एकच तक्ता. मुलाखतीत मी तरी पहिल्यांदा त्या वगळलेल्यांबद्दलच विचारीन.

या आकड्यातून किती गेले ते कळतं, का गेले ते नाही. त्यासाठी १२० मधल्या उरलेल्या ४० जणांची यादी काढ आणि काकूंनाच फोन करायला सांग. तुझ्यापेक्षा त्यांच्याशी ती माणसं मोकळेपणाने बोलतील.