पाळीआधीची भूक आणि चारचा चहा

प्रश्न : पाळी यायच्या चार-पाच दिवस आधी सतत गोड खावंसं वाटतं, जेवूनही पोट भरल्यासारखं वाटत नाही. असं का होतं? आवर कसा घालायचा?

इस्ट्रोजेन हे स्त्रियांच्या शरीरातलं हार्मोन भुकेला लगाम घालतं. पाळीच्या चक्राच्या मध्यावर, स्त्रीबीज बाहेर पडायच्या सुमारास ते सर्वाधिक असतं, म्हणून तेव्हा भूक बहुधा सगळ्यात कमी. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन वाढतं आणि लगाम सैल पडतो. शरीराचं तापमानही साधारण 0.3 ते 0.5 अंश सेल्सियसने चढतं, थोडी जास्त ऊर्जा खर्च होते. म्हणजे भूक खरी असते, मनाचे खेळ नव्हेत. पण वाढ फार नसते: बहुतेकींमध्ये दिवसाला शंभर ते तीनशे कॅलरी, आणि काहींना ती जाणवतही नाही.

मग गोडच का? पाळी जवळ आली की दोन्ही हार्मोन्स घसरतात आणि त्याबरोबर मेंदूतल्या सेरोटोनिन या मन प्रसन्न ठेवणाऱ्या रसायनावरही परिणाम होतो, असं मानलं जातं. पिष्टमय पदार्थाने ते तात्पुरतं वाढतं, हे गोडाच्या ओढीचं एक स्पष्टीकरण. ते पुरेसं आहे यावर सगळ्यांचं एकमत नाही. मला त्याहून सवय आणि उपासमार जास्त महत्त्वाची वाटते. एरवी 'गोड बंद' म्हणून दाबून धरलेली इच्छा याच दिवसांत उसळते.

घोटाळा बहुधा दुपारी होतो. समजा, सकाळी नुसता चहा, एक वाजता दोन पोळ्या आणि भाजी, तीही आमटीशिवाय. चार वाजता हात बिस्किटांच्या पुड्याकडे जातो. चार खाल्ली तरी तासाभरात पुन्हा भूक, कारण मैदा आणि साखर पटकन पचतात, प्रथिनं नावालाच. रात्री मग आइस्क्रीम.

त्याऐवजी त्या आठवड्यात चारच्या चहाबरोबर मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे आणि सुपारीएवढा गुळाचा खडा घ्या. साधारण दोनशे कॅलरी होतात, म्हणजे वाढलेल्या भुकेला पुरेशा, आणि शेंगदाण्यातल्या सातेक ग्रॅम प्रथिनांमुळे व स्निग्धांशामुळे पोट बराच वेळ भरलेलं राहतं. दुपारी वाटीभर डाळ किंवा उसळ हवीच. गोड खायचंच असेल तर जेवणाच्या शेवटी खा, रिकाम्या पोटी नको. (मधुमेह असेल तर गूळ सोडा. काहींची साखर या दिवसांत मुळातच थोडी चढते.)

दोन-तीन महिने तारखेसह लिहून ठेवा. पाळी सुरू झाल्यावर एक-दोन दिवसांत ओढ ओसरत असेल तर ती पाळीशीच जोडलेली. महिनाभर तशीच राहिली, सोबत खूप तहान आणि वारंवार लघवी असेल, तर रक्तातली साखर तपासून घ्या. दर महिन्याला त्याच दिवसांत रडू, चिडचिड किंवा निराशा इतकी होत असेल की कामच सुचत नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, त्यावर औषधं आहेत. आणि वजनाच्या काट्यावर किलोभर वाढ दिसली तर ते बहुतेक साठलेलं पाणी असतं, पाळी सुरू झाली की उतरतं.