सरांनी ‘लेट्स डिस्कस’ लिहिलंय, म्हणजे रजा गेली का?

“मॅडम, गणपतीसाठी रजा टाकली होती, सरांनी खाली फक्त ‘लेट्स डिस्कस’ एवढंच लिहिलंय. दहा दिवस झाले, पोर्टलवर अजून पेंडिंगच आहे. विचारायला गेले तर चिडतील, नाही विचारलं तर रजा जाईल. नवरा म्हणतो सरळ निघून जाऊ, मग बघू. सासूबाईंना काय सांगू तेच कळत नाहीये, रात्री झोप पण लागत नाही. नक्की काय समजायचं याचं?”

२०२५ च्या ऑगस्टमधली गोष्ट आहे. हिंजवडीतली मुलगी, तिशीच्या आतली, लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं, सासर चिपळूणकडचं. तिची परवानगी घेऊनच लिहितेय आणि ओळख पटू नये म्हणून थोडंफार बदललंय.

ती माझ्याकडे समुपदेशनाला आली तेव्हा पहिली पंधरा मिनिटं नुसते सरच चालू होते. सर माझ्यावर नाराज आहेत, मागच्या महिन्यात माझ्याकडून एक बग गेला त्याचा राग आहे, सरांना मराठी सण कळत नाहीत, अप्रेझलमध्ये हे काढणार. मी तिच्यापुढे एक कोरा कागद ठेवला, मधोमध रेघ मारली आणि म्हटलं डावीकडे सरांनी लिहिलेलं लिही, उजवीकडे तू वाचलेलं. डावीकडे दोन शब्द झाले. उजवीकडे अकरा ओळी, आणि बारावी लिहिताना तिलाच हसू आलं. आमच्याकडे याला मनकवडेपणाची सवय म्हणतात, समोरच्याच्या डोक्यात काय आहे ते आपल्याला माहितीच आहे असं धरून चालायचं. चुकीचंच असतं असं नाही हां, कधीकधी सर खरंच नाराज असतात. पण दोन शब्दांतून ते कळत नाही एवढंच.

मग मी तिला म्हटलं आता तुझा अर्ज दाखव. आणि इथे खरी गंमत आहे. मोबाईलवर पोर्टल उघडून दाखवलं तर २७ ऑगस्ट ते ३ सप्टेंबर आणि कारणाच्या जागी ‘पर्सनल’. बस. आता २७ ला गणेश चतुर्थीची सुट्टी, शनिवार-रविवार धरला तर रजा लागणार होत्या पाचच, पण वाचणाऱ्याला दिसतात सलग आठ दिवस, कारण काहीच नाही आणि मागे काम कोण बघणार त्याचा पत्ता नाही. अर्जच मोघम, मग उत्तर पण मोघमच येणार ना. मॅनेजरच्या जागी मी असते तर मी पण ‘बोलू’ असंच लिहिलं असतं.

आता अशा उत्तराचा अर्थ लावायचा तर मी काय बघते ते सांगते. एक म्हणजे हा माणूस हे शब्द एरवी कधी वापरतो. तिला जुने चॅट शोधायला लावले, तर मार्चमध्ये शिफ्ट बदलून मागितली तेव्हा पण हेच, लॅपटॉप बदलून मागितला तेव्हा पण हेच, आणि दोन्ही कामं झाली होती. म्हणजे या सरांचं ‘लेट्स डिस्कस’ म्हणजे नकार नाही, हातात फोन आहे आणि आत्ता टाईप करत बसायचं नाहीये एवढंच. वेळ पण बघितली, रात्री नऊ चाळीस. दुसरं, त्या तारखांना टीममध्ये काय आहे. हे विचारल्यावर ती जरा गप्प झाली आणि मग म्हणाली ३० ऑगस्टला शनिवारी रात्री सॉफ्टवेअरचं रिलीज आहे. अगं मग! रिलीजनंतरचा पहिला कामाचा दिवस सोमवार, १ सप्टेंबर, त्या दिवशी सगळे एरर वर येणार आणि पेमेंट जुळवणीचं मॉड्यूल टीममध्ये फक्त हिलाच नीट येतं. सरांच्या मनात न विचारलेला प्रश्न काय असेल हे आता आम्हाला दोघींनाही दिसत होतं, बगचा राग वगैरे लांबची गोष्ट. अर्थात हा पण अंदाजच, म्हणून विचारून खात्री करायची.

अडचण अशी की तिला नेमका सोमवारच हवा होता. गौरी रविवारी ३१ ला येणार, सोमवारी पूजन, मंगळवारी विसर्जन. आणि त्यांच्याकडे गौरी पावसाच्या पूर्वा नक्षत्रात आल्या की नव्या सुनेचा ओवसा असतो, सुपं भरून गौरीपुढे ओवसायची, माहेरची पण माणसं येतात. हे दरवर्षी जमून येत नाही, मग पुढच्या योगाची वाट बघत बसायचं. हे सगळं तिने मला पाच मिनिटं रंगवून सांगितलं, सुपात काय काय ठेवतात, कुणाकुणाला वाण द्यायचं. सरांना मात्र ‘पर्सनल’. मी विचारलं का गं, तर म्हणे सर लखनौचे आहेत, त्यांना काय कळणार. सांगितलंच नाही तर कळणार कसं? लग्नानंतरचा पहिला सण आणि तो हुकला तर परत कधी ते माहीत नाही, हे कुठल्याही गावच्या माणसाला कळतं. घरातलं सगळं ऑफिसात सांगावं असं मी म्हणत नाहीये, आजारपण वगैरे असेल तर ‘घरगुती वैद्यकीय कारण’ एवढं पुरतं. पण तारीख हलत नाही आणि का हलत नाही, एवढं एका ओळीत यायला हवं.

आणि दहा दिवस ती गप्प राहिली त्याचा फटका पण बसला होता. मधल्या काळात टीममधल्या एका मुलाने २८-२९ टाकली आणि त्याची मंजूर झाली. तिला वाटत होतं सर आपल्याला टांगून ठेवतायत, सरांना बहुतेक वाटलं असेल की हिला घाई नाही, असती तर आली असती.

तिने मला उत्तराचा ड्राफ्ट दाखवला, ‘शुअर सर, तुम्हाला वेळ असेल तेव्हा’. हे सभ्य वाटतं पण यात वेळ ठरत नाही, चेंडू परत त्यांच्याच अंगणात जाऊन पडतो आणि मॅनेजरला वेळ असा कधी नसतोच. दुसरा ड्राफ्ट त्याच्या उलट, बहिणीच्या सल्ल्याने लिहिलेला, ‘माझ्या रजा शिल्लक आहेत आणि तो माझा हक्क आहे’. हक्काचं म्हणाल तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ किरकोळ रजा आहेत, अर्जित रजा वेगळ्या आणि त्या ४५ दिवसांपर्यंत साठवता येतात, हे खरंच आहे. पण त्यातून रजा किती हे ठरतं, नेमक्या कुठल्या तारखांना ते बोलूनच ठरवावं लागतं. पहिल्याच मेसेजला कायदा काढला तर जी गोष्ट दहा मिनिटांत मिटली असती ती एचआरकडे जाते आणि तोपर्यंत गौरी येऊन परत गेलेल्या असतात.

मग आम्ही कागदावर तिचे दिवस लिहिले आणि मी विचारलं यातला कुठला सुटला तर चालेल. आधी म्हणाली एकही नाही. मग जरा वेळाने, नवऱ्याशी फोनवर बोलून, २८-२९ वर काट मारली. चतुर्थीचा दिवस सासरी नसणार याचं तिला वाईट वाटलं, ते वाटणारच, मी काही समजूत घातली नाही. पण सोमवार-मंगळवार पक्के आणि बुधवार परतीचा, हा तीन रजांचा मामला झाला, पाचांचा नाही.

मेसेज शेवटी असा गेला, तिने तो ऑफिसच्या भाषेत टाकला, मी मराठीत सांगते: सर, रजेबद्दल आज चार वाजता किंवा उद्या सकाळी साडेदहाला दहा मिनिटं मिळतील का, लग्नानंतरचा पहिला गौरीपूजनाचा विधी आहे, तारीख बदलता येत नाही, म्हणून १ आणि २ सप्टेंबर माझ्यासाठी महत्त्वाचे आहेत, बाकी दिवसांत ॲडजस्ट करू शकते, रिलीजच्या सपोर्टचा प्लॅन घेऊन येते. दोन वेळा दिल्या की माणूस त्यातली एक निवडतो, नुसतं ‘कधी’ विचारलं की राहून जातं. बावीस मिनिटांत उत्तर आलं, उद्या साडेदहा.

भेटायच्या आधी तिने घरी एक पानभर लिहून काढलं, कुठला एरर आला तर काय बघायचं, कुठली फाईल परत चालवायची, आणि दोन वर्षं जुनियर असलेल्या मुलाला आधीच विचारून ठेवलं की सोमवारी तू बसशील का. सरांच्या टेबलवर हे पान आधी गेलं. तरी सर म्हणाले सोमवारी सकाळी दोन तास तरी लॉगिन कर. ती ‘हो’ म्हणणार होती, पण आम्ही हे आधीच बोललो होतो की जिथे नेटवर्कचा भरवसा नाही तिथून काम करीन असं कबूल करायचं नाही, नंतर फोन लागला नाही की प्रामाणिक माणूस खोटा ठरतो. तिने सांगितलं सर, घरात रेंज येत नाही, रात्री आठ ते साडेआठ मी रस्त्यावर येऊन फोन घेईन, तेवढं नक्की. आणि शुक्रवारपर्यंत त्या मुलाला दोनदा सगळं करून दाखवीन. सर बोलले ठीक आहे.

पण अर्धी माणसं इथेच फसतात. माझ्याकडे आलेल्या एका मुलाला तोंडी ‘जा रे’ म्हणाले होते, तो गेला, पोर्टलवर पेंडिंगच राहिलं आणि महिनाअखेरीस तीन दिवसांचा पगार कापला, मॅनेजरला आठवतच नव्हतं. म्हणून हिला केबिनमधून बाहेर पडल्या पडल्या मेल टाकायला सांगितलं होतं: आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे १ ते ३ सप्टेंबर रजा, कव्हर अमुक, फोनची वेळ अमुक, जुना अर्ज मागे घेऊन नवीन टाकलाय. ठरलेलं तेवढंच, आभारप्रदर्शन नको.

आता सगळेच सर असे नसतात. तुम्ही वेळा देऊन दोनदा विचारलंत आणि दोन्ही वेळा ‘बघू’, किंवा भेटीत रजा सोडून तुमच्या परफॉर्मन्सवरच गाडी गेली, तर ते डिस्कस नाही, टाळणं आहे. तेव्हा लेखी विचारायचं की अमुक तारखेपर्यंत होकार-नकार कळला तर तिकिटं रद्द करायची की नाही ते ठरवता येईल, आणि त्या तारखेनंतरच त्यांच्या वरच्यांना किंवा एचआरला. नवऱ्याचं ‘सरळ निघून जाऊ’ मात्र तेव्हाही नको, न सांगता गैरहजर हा वेगळाच शेरा लागतो आणि तो पुसायला रजेपेक्षा जास्त त्रास होतो.

हिची रजा चौथ्या दिवशी मंजूर दिसली, ती पण एकदा आठवण केल्यावर. स्वारगेटहून चिपळूणचं एसटीचं आधीचं रिझर्वेशन रद्द केलं, थोडे पैसे कापले गेले, शुक्रवारी रात्रीचं नवीन काढलं. ओवसा झाला. सोमवारी रात्री आठला सरांचा फोन आला, सात मिनिटं, एक फाईल अडकली होती, ती त्या जुनियर मुलानेच सोडवली. सासूबाई चतुर्थीला सून नव्हती हे अजून अधूनमधून काढतात, म्हणे.