प्रथम वर्षाच्या मुलांपुढे एआय-लेखनाबद्दल बोलायचं तर

*कोल्हापुरात एका कला-वाणिज्य महाविद्यालयात यंदाच प्राचार्य म्हणून रुजू झालोय. प्रथम वर्षाच्या मुलांसमोर चॅटजीपीटीसारख्या लेखन-साधनांच्या प्रामाणिक वापरावर वीस-पंचवीस मिनिटं बोलायचंय. निम्मी मुलं मराठी माध्यमातली, गावाकडून येणारी. नुसतं ‘कॉपी करू नका’ म्हणायचं नाही. नेमकं काय बोलू?*

सर, पडद्यावर एकच परिच्छेद लावा आणि सगळं भाषण त्याच्याभोवती फिरवा. नियमावली वाचून दाखवली तर पाचव्या मिनिटाला मागच्या बाकांवर मोबाईल निघतील.

विषय घरचाच घ्या: शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा राखीव जागांचा हुकूम. कोल्हापूरच्या मुलांना तो ऐकून माहीत असतो, त्यामुळे माहिती सांगण्यात वेळ जात नाही. आणि ऐकून माहीत असतो, वाचून नाही, हेच आपल्या कामाचं आहे.

आधी एखाद्या मुलानं स्वतः हुकूम वाचून लिहिलेला कच्चा मसुदा दाखवा. साधारण असा:

“हुकूम निघाल्यापासून पुढं ज्या जागा रिकाम्या होतील, त्यातल्या निम्म्या मागासलेल्या वर्गांतल्या लोकांनी भरायच्या. ज्या कचेरीत असे लोक निम्म्याहून कमी आहेत, तिथं पुढची नेमणूक त्यांच्यातल्याच कुणाची तरी करायची. खातेप्रमुखांनी दर तीन महिन्यांनी नेमणुकांचा तक्ता पाठवायचा.”

भाषा ओबडधोबड आहे, पण हुकमातली तिन्ही कलमं आलीत. आता हाच मजकूर साधनात टाकून ‘चांगल्या भाषेत लिहून दे’ म्हटलं की जे येतं, ते शेजारी लावा. मी नमुना म्हणून रचलेला असा:

“शाहू महाराजांच्या दूरदर्शी नेतृत्वाखाली संस्थानातील ५० टक्के नोकऱ्या मागासवर्गीयांना बहाल करण्यात आल्या. अंमलबजावणीचा नियमित आढावाही घेण्यात आला. यामुळे सामाजिक न्यायाचे नवे पर्व सुरू झाले.”

तुम्ही आदल्या दिवशी खरोखरच साधनात टाकून जे येईल ते वापरा. दर वेळी उत्तर वेगळं येतं, त्यामुळे सभागृहात थेट करून दाखवण्याच्या फंदात पडू नका. नेमकं त्याच वेळी ते बरोबर उत्तर देईल आणि तुमचा मुद्दा पडेल.

मग मुलांना विचारा, यातला कुठला चांगला? बहुतेक दुसऱ्यावर हात वर होतील. तिथून खरं भाषण सुरू होतं.

एक वीस कारकुनांची कचेरी धरा, त्यात मागासलेल्या वर्गांतला एकच माणूस. ‘५० टक्के नोकऱ्या बहाल’ वाचणाऱ्याला वाटेल, हुकूम निघाला आणि तिथं दहाजण येऊन बसले. हुकमात तसं काही नाही. वर्षभरात दोनच जागा रिकाम्या झाल्या, तर प्रश्न त्या दोन जागांचा. कामावर असलेल्या कुणाला काढायचं नव्हतं, म्हणून बदल हळूहळू होणार होता. म्हणूनच ‘पुढची नेमणूक त्यांच्यातलीच’ हे दुसरं कलम लागलं, आणि खातेप्रमुख टाळाटाळ करतील म्हणून तीन महिन्यांचा तक्ता लागला. गुळगुळीत परिच्छेदात दुसरं कलम गायब झालंय. तक्त्याचं तर आणखी वाईट झालं: ‘पाठवायचा’ हा हुकूम होता, त्याचं ‘आढावा घेण्यात आला’ असं घडलेलं झालं. तक्ते खरोखर आले का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागतो. ‘नवे पर्व’ तर कुठल्याही थोर माणसाच्या निबंधाला चिकटवता येतं.

एवढं दाखवलं की प्रामाणिकपणाची कसोटी वेगळी सांगावी लागत नाही. आपल्या नावानं दिलेल्या मजकुरातलं कुठलंही वाक्य बोट ठेवून विचारलं, तर ‘हे मला इथून कळलं आणि म्हणून असं लिहिलं’ हे मुलाला सांगता आलं पाहिजे. साधनानं काय बदललं आणि ते का ठेवलं, हेही.

आता तुमच्या निम्म्या मुलांचा खरा अडचणीचा भाग: भाषांतर. गारगोटी-चंदगडकडून आलेली मुलगी विचार मराठीत करते आणि असाइनमेंट इंग्रजीत मागितलेली असते. ती साधन वापरणारच. तिला चोर ठरवू नका, पद्धत शिकवा. आधी मराठीत पूर्ण लिहायचं आणि तो मसुदा जपून ठेवायचा. मग तीन-चार वाक्यं एका वेळी भाषांतरित करायची. सगळं एकदम टाकलं की साधन वाक्यं जोडतं, गाळतं आणि ते लक्षात येत नाही. आलेलं इंग्रजी दुसऱ्या एखाद्या साधनातून पुन्हा मराठीत आणायचं आणि मूळ मसुद्याशी ताडून बघायचं. ताडताना आकडे, नावं, नकार आणि क्रियापदाचा शेवट एवढ्यावर बोट ठेवलं तरी बहुतेक चुका सापडतात. ‘भराव्यात’चं ‘भरल्या’ झालं की अर्थ कुठल्या कुठं जातो, हे तिनं वरच्या उदाहरणात पाहिलेलंच असेल.

पण हेच भाषांतर इंग्रजी लेखनाच्या पेपराच्या कामात चालणार नाही, कारण तिथं इंग्रजी वाक्य रचता येतं का हेच तपासायचंय. तसंच इतिहासाच्या निबंधाचं शुद्धलेखन साधनाकडून तपासून घेणं ठीक, पण मराठीच्या शुद्धलेखनाच्या स्वाध्यायात ती फसवणूक. कामातून जे मोजायचंय तेच साधनानं केलं, की वापर अप्रामाणिक होतो. प्रत्येक असाइनमेंटच्या कागदावर ‘यात काय चालेल, काय नाही’ ही एक ओळ शिक्षकांनी लिहावी, एवढं विभागप्रमुखांकडून भाषणाआधी कबूल करून घ्या. मराठी विभाग एक सांगतो आणि अर्थशास्त्र दुसरं, असं झालं तर मुलं सोयीचं तेवढं ऐकतात. त्यात त्यांचा काय दोष!

वापर कबूल करणारं निवेदन कसं लिहायचं, याचा नमुना पडद्यावर द्या, नाहीतर सगळे ‘एआयची मदत घेतली’ एवढंच लिहून मोकळे होतात. शेवटच्या पानावर असं काहीतरी:

“मूळ मसुदा मी मराठीत लिहिला. इंग्रजी भाषांतरासाठी (साधनाचं नाव) १२ ऑगस्टला वापरलं. त्यानं ‘रिकाम्या होणाऱ्या जागा’ऐवजी ‘नोकऱ्या’ असं केलं होतं, ते मी दुरुस्त केलं. संदर्भातली पानं मी स्वतः पाहिली आहेत.”

तिसरं वाक्य सगळ्यात मोलाचं. ज्यानं ताडून पाहिलंच नाही, त्याला ते लिहिता येत नाही.

चौथ्या वाक्याबद्दल दोन मिनिटं वेगळी ठेवा. ही साधनं संदर्भसूची मागितली की देतात, आणि त्यात लेखक खरा, प्रकाशक खरा, पण त्या नावाचं पुस्तकच नाही असं होऊ शकतं. कारण साधं आहे: पुढं कुठला शब्द शोभेल याच्या अंदाजानं ते वाक्य जुळवतं, कपाटातलं पुस्तक उघडून बघत नाही. इंटरनेटवर शोधणाऱ्या साधनांत दुवा खरा असला, तरी त्या पानावर तो मुद्दा नसतो असं होतं. मुलांना दोन पायऱ्या सांगा. पुस्तक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात किंवा करवीर नगर वाचन मंदिरात सापडतं का बघायचं, आणि सापडलं तर ते पान उघडून वाक्य वाचायचं. न पाहिलेला पृष्ठक्रमांक लिहायचा नाही. संकेतस्थळावरच वाचलं असेल तर संकेतस्थळाचंच नाव द्यायचं. त्यात कमीपणा काही नाही.

मुलांच्या मनात असतो पण विचारवत नाही असा प्रश्न म्हणजे, ‘सर, पकडणार कसं?’ इथं खोटी भीती घालू नका. एआय ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर शिक्षेचा निर्णय टेकवण्यासारखी स्थिती नाही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं स्वतःच २०२३ च्या जानेवारीत असं एक साधन आणलं होतं. त्यांच्याच चाचणीत यंत्राचा मजकूर त्यानं फक्त २६ टक्के वेळा ओळखला आणि माणसाचा मजकूर ९ टक्के वेळा यंत्राचा ठरवला. अचूकता कमी म्हणून जुलैत ते काढून घेतलं. १२० प्रामाणिक मुलांच्या वर्गात ९ टक्के म्हणजे दहा-अकरा मुलं विनाकारण आरोपी. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल परीक्षेतले ९१ निबंध अशा सात साधनांतून तपासले, तेव्हा सरासरी निम्म्याहून अधिक निबंध यंत्राचे ठरले. मोजके शब्द आणि साधी वाक्यरचना यावर ही साधनं संशय घेतात, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलाचं इंग्रजी नेमकं तसंच असतं.

‘मग हातानं लिहून आणा’ हा उपाय आपल्याकडे लगेच निघतो. मोबाईल समोर ठेवून दहा पानं उतरवता येतात. मनगटाला व्यायाम, बाकी काही नाही.

त्याऐवजी मंचावरून हे वचन द्या: नुसत्या टक्केवारीवर कुणावर कारवाई होणार नाही. शंका आली तर मुलानं कच्चे मसुदे आणायचे आणि शिक्षकांसमोर पाच मिनिटं बोलायचं. कागदावरची खाडाखोडही चालेल. गूगल डॉक्समध्ये लिहिलं असेल तर File → Version history → See version history इथं मजकूर कसा वाढत गेला ते दिसतं. दोन तासांत अडखळत वाढलेला निबंध आणि एका क्षणात येऊन पडलेली ६०० शब्दांची वडी, यातला फरक कळतो. (दुसरीकडे लिहून चिकटवलेलंही असंच दिसतं, म्हणून तोंडी प्रश्न लागतातच.) प्रश्न तीन पुरतात: हे वाक्य कशावरून लिहिलं, हा शब्द का निवडला, आणि काय लिहून नंतर खोडलं. तिसऱ्यावर उसनं लेखन अडकतं, कारण तिथं खोडलेलं काही नसतंच.

यूजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्याच्या नियमांतले १०, ४० आणि ६० टक्क्यांचे टप्पे सांगायचा मोह होईल. ते प्रबंध-शोधनिबंधांसाठी आहेत आणि जुन्या मजकुराशी साम्य मोजतात. यंत्रानं नव्यानं रचलेला मजकूर त्यात शून्य टक्केही दाखवू शकतो. प्रथम वर्षाला ते आकडे सांगून गोंधळच वाढेल.

वेळेचं म्हणाल तर दोन परिच्छेदांना दहा मिनिटं, भाषांतर आणि निवेदनाला आठ, उरलेली पकडण्याच्या प्रश्नाला. हार-नारळाच्या स्वागत समारंभात हे भाषण घालू नका, आणि प्रवेशाच्या शेवटच्या फेरीनंतर उशिरा आलेल्यांसाठी तेच पुन्हा करा. प्रश्न चिठ्ठीवर, नावाशिवाय घ्या. ‘दादाकडून लिहून घेतलं तर चालतं का?’ अशी चिठ्ठी येण्याची शक्यता आहे. त्याचं उत्तर तयार ठेवा: दादालाही वरचे तीन प्रश्न लागू, आणि त्याचंही नाव निवेदनात आलं पाहिजे.