बुलेटचं घनफळ: आधी घुमट मोजा

गॅस साठवायच्या आडव्या, नळकांड्यासारख्या टाकीची, म्हणजे बुलेटची, टोकं गोलसर दिसतात, म्हणून नवीन माणूस थेट अर्धगोलाचं सूत्र लावतो. मीही लावलं होतं. आधी घुमटाची खोली मोजा. ती व्यासाच्या पाव भरली, तर टोक बहुधा लंबवर्तुळाकार आहे. मग सरळ भागाच्या लांबीत व्यासाचा एक तृतीयांश मिळवा आणि सगळं एकच नळकांडं समजा.

आतला व्यास 2 मीटर, सरळ भाग 6 मीटर:

3.1416 × 1² × 6.667 = 20.94 घनमीटर

अर्धगोल धरलेत तर 23.04 येतं, म्हणजे 2,100 लिटर हवेतले!

आणखी दोन ठिकाणी पाय घसरतो:
- घुमटांसकट मोजलेली लांबी सरळ भाग म्हणून घेणं.
- बाहेरचा व्यास वापरणं. त्यातून पत्र्याची जाडी दोनदा वजा करा.

अर्धवट भरलेल्या टाकीचं गणित वेगळं, ते सध्या राहू द्या.